घरबसल्या उद्योग: एका रूढ मताचा प्रतिवाद

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीत दोन-चार घरं जहाजावरच्या माणसांची असतातच. कुणी खलाशी, कुणी ऑईलर, कुणी जहाजावरचा कुक. सहा ते नऊ महिन्यांचा करार, मग दोन-तीन महिने घरी, मग पुन्हा एजंटच्या फोनची वाट. मागे राहिलेली बायको घर, मुलं, सासू-सासरे, असलीच तर गाय आणि चार कलमं असं सगळं एकटीनं सांभाळते. तिला सल्ला द्यायला मात्र सगळे तयार असतात. सणाला आलेली नणंद म्हणते, “घराकच असतस मा, मगे कायतरी चालू कर.” हे ‘कायतरी’ म्हणजे काय तेही ठरलेलं आहे: पापड, लोणची, मसाले, डबे. महिला मेळाव्यांतली भाषणं आणि वर्तमानपत्रांच्या महिला पुरवण्या हेच सांगतात.

हे मत चुकीचं आहे असं मला वाटतं. पण ते खोडण्याआधी त्याची सर्वांत भक्कम मांडणी लक्षात घेतली पाहिजे. तिला बाहेर नोकरी करता येत नाही, कारण घर सोडता येत नाही. स्वयंपाक ती रोज करतेच, तेव्हा वेगळं शिक्षण लागत नाही. जागेचं भाडं नाही, चूल पेटलेलीच आहे, भांडवल थोडं. शिवाय नवरा घरी नसल्यानं स्वयंपाक कमी, म्हणून वेळही जास्त. आणि पुरावा हवाच असेल तर ‘लिज्जत’ आहे, ‘अन्नपूर्णा’ आहे. दोन्ही मुंबईतल्या, दोन्ही साध्या घरांतल्या बायकांनी उभ्या केलेल्या. मग कोकणातल्या एका घरात तेच का होऊ नये?

आधी पुराव्याकडे बघू. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे सगळ्यांना माहीत असतं. ती संस्था चालते कशी, याकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. लिज्जतमध्ये घरी काम करणारी बहीण उडीद विकत आणत नाही, पीठ मळत नाही आणि पापड घेऊन दारोदार फिरतही नाही. पीठ शाखेत मळलं जातं. ती सकाळी ते घेऊन जाते, घरी लाटते, वाळवते आणि दुसऱ्या दिवशी आणून देते. वजन होतं, दर्जा तपासला जातो आणि लाटणावळ मिळते. कच्च्या मालाच्या भावाची, पिठाच्या प्रमाणाची, गिऱ्हाइकाची, उधारीची चिंता संस्थेच्या डोक्यावर असते. तिच्या घरी जातं ते फक्त लाटण्याचं काम. ते मध्येच थांबवता येतं. बाळ उठलं की लाटणं बाजूला ठेवायचं, ते झोपलं की पुन्हा हातात घ्यायचं.

त्यामुळे लिज्जतचं उदाहरण घरबसल्या उद्योगाच्या बाजूनं साक्ष देत नाही, उलट त्याच्या विरुद्ध देतं. पापड घरी करता येतात एवढं त्यातून सिद्ध होतं, पण पापडाचा धंदा एकटीला घरी करता येतो हे सिद्ध होत नाही. आपल्या वाडीतल्या बाईला सल्ला देताना आपण संस्थेचं सगळं काम तिच्याच अंगावर टाकतो आणि वर लिज्जतचं नाव सांगतो.

अन्नपूर्णेचंही तसंच. प्रेमा पुरव यांनी 1975 साली गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून ती संस्था उभी केली. सावकाराच्या व्याजातून त्या सुटल्या, बँकेचं कर्ज त्यांच्या नावानं मिळू लागलं. काम मोठंच होतं, पण त्या खाणावळींत जेवणारे कोण होते? गिरणीतले कामगार, आणि त्यातले कितीतरी कोकणातून, घाटावरून आलेले, बायकामुलं गावाला ठेवून एका खोलीत दहा-बारा जण राहणारे. गिऱ्हाईक त्याच चाळीत, जेवायला स्वतः येणारं. या खाणावळवालीच्या गिऱ्हाइकाची बायको म्हणजे आपण जिच्याबद्दल बोलतोय ती. ती गावाला होती, मनिऑर्डरची वाट बघत होती, आणि तिच्या वाडीत दोन वेळचं जेवण विकत घेणारं कुणी नव्हतं. आजही तिच्या वाडीत डबा लागतो तो शाळेतल्या दोन शिक्षकांना, बँकेतल्या एका कॅशिअरला आणि रस्त्याचं काम चाललं असेल तोवर तिथल्या मुकादमाला.

आता वेळाचं बघू. नवरा नाही म्हणून वेळ जास्त, हे विधान ऐकायला खरं वाटतं. 2024 च्या केंद्र सरकारच्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर जाणारा वेळ दिवसाला सरासरी 289 मिनिटं निघाला, म्हणजे पाच तासांना थोडा कमी. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटं. मुलांची, म्हाताऱ्यांची देखभाल याच्या वेगळी. नवरा जहाजावर गेला की एका माणसाचं जेवण कमी होतं, हे खरं. पण गॅस सिलिंडर, विजेचं बिल, सासऱ्यांना तालुक्याच्या डॉक्टरकडे नेणं, शाळेतली पालकसभा, गडग्याचा पडलेला भाग, पंपात अडकलेली माती ही सगळी कामं तिच्याकडे येतात. शिवाय ही कामं सांगून येत नाहीत. तिच्याकडे दिवसाला तीन तास निघतीलही, पण ते वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत निघतात आणि कुठला तुकडा कधी हाती लागेल ते सकाळी ठाऊक नसतं. माझ्या मते सगळा वाद इथेच मिटतो. तिच्या हाताला काय येतं हा प्रश्न दुय्यम आहे. काम तिच्यासाठी थांबतं की नाही, हे आधी विचारायला हवं.

डब्याचं काम थांबत नाही. आठ डबे धरा, प्रत्येकी सत्तर रुपये, रोजचे 560. शिधा, गॅस, तेल मिळून डब्यामागे चाळीस, म्हणजे 320. पोचवणाऱ्या रिक्षावाल्याला साठ. हातात उरतात 180. बाजारहाट, स्वयंपाक, भरणं आणि परत आलेले डबे घासणं मिळून साडेचार तास लागतात. तासाला चाळीस रुपये पडले. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर 4,680, आणि हा आकडा वाईट नाही. अडचण आकड्यात नसून तासांत आहे. हे साडेचार तास पहाटे पाच ते दुपारी बारा या वेळातच लागतात आणि त्यातला एकही दुपारी ढकलता येत नाही. मुलाला ताप आला, सासूला ओटीपोटात दुखायला लागलं की डबा बंद. महिन्यात तीनदा डबा चुकला की कॅशिअर दुसरी सोय बघतो, आणि एकदा सोय झाली की परत येत नाही.

आमच्या शेजारच्या वाडीत आठ डबे देणाऱ्या एका वहिनींच्या घरी हे घडलं. नवरा नऊ महिन्यांनी घरी आला, त्याच आठवड्यात त्याच्या आत्याचं दहावं-बारावं, मग मुंबईला मेडिकल, मग देवाची जत्रा. वहिनींनी डबे दोन महिने बंद ठेवले. तो परत गेला तेव्हा आठातले दोन उरले होते. त्यांना सगळे म्हणाले, तुम्ही सातत्य ठेवलं नाही. मला ते बोलणं अन्यायाचं वाटतं. ज्या घराचं आयुष्यच नऊ अधिक दोन अशा हिश्श्यांत चालतं, तिथे बारा महिने न चुकता चालणारा धंदा बसवून मग सातत्याचा हिशेब मागणं बरोबर नाही.

यात आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. करारावरच्या खलाशाला पैसे मिळतात ते जहाजावरच्या महिन्यांचे. रजेचा पगार बहुतेक करारांत त्यातच धरलेला असतो. तो घरी असतो तेव्हा आवक शून्य आणि खर्च वर्षातला सर्वांत जास्त: पाहुणे, घराची डागडुजी, राहिलेल्या कोर्सची फी, पुढच्या जहाजासाठी मुंबईला खेपा. पुढचं जहाज मिळायला एक महिना उशीर झाला तर सोनं गहाण पडतं. तेव्हा बायकोनं कमवायचं असेल तर त्या पैशाची खरी गरज कधी आहे? दर महिन्याचे साडेचार हजार खात्यातल्या पगारात मिसळून किराण्यात जातात. तेच पैसे आवक थांबते त्या काळात एकरकमी हातात आले तर सोनं वाचतं. म्हणून दुसरी कसोटी अशी की माल साठवून ठेवता यावा आणि मोडायचा कधी ते आपण ठरवावं.

या दोन कसोट्यांवर आमच्या भागात जे काम सर्वांत चांगलं उतरतं ते रातांब्याचं. आमसूल, आगळ आणि मुठेल. हे सांगताना मी त्याच्या खोडीही सांगणार आहे, कारण त्या न सांगता दिलेला सल्ला पुन्हा पापडाच्याच वळणावर जाईल.

रातांबे पिकतात एप्रिलच्या अखेरीपासून पाऊस येईपर्यंत. काढलेलं फळ दोन दिवसांत फोडावं लागतं, नाहीतर मऊ पडून वास मारतं. हा यातला एकमेव न थांबणारा टप्पा. पण तो येतो मे महिन्यात, शाळांना सुट्टी असताना, घरात मुंबईहून आलेली माणसं असताना. दुपारच्या जेवणानंतर पडवीत सगळे बसले की बोलता बोलता टोपल्या रिकाम्या होतात. फळ आडवं कापायचं, आतला गर आणि बिया एका भांड्यात, साल दुसऱ्यात. गरात मीठ घालून त्याचा रस सुटू द्यायचा, त्या रसात सालं बुडवायची, काढून उन्हात घालायची, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा रसात. अशी चार-पाच पुटं दिली की साल काळीभोर होते, आंबटपणा आत मुरतो. प्रत्येक पुटाला लक्ष लागतं ते अर्धा-पाऊण तास. उरलेलं काम ऊन करतं. सासऱ्यांना डॉक्टरकडे नेलं म्हणून एक पूट उद्यावर गेलं तर काही बिघडत नाही. मीठ लागलेली साल थांबते.

वाळलं की नाही हे कळायला एक खूण आहे. मूठभर आमसुलं दाबून सोडायची. एकमेकांना चिकटून गोळा झाला तर अजून ओलावा आहे, हा माल पावसाळ्यात डब्यात पांढरी बुरशी धरणार. सुटी होऊन मोकळी पडली आणि वाकवल्यावर न तुटता वाकली तर बरोबर. कडकड मोडली तर ऊन जास्त झालं, वजन गेलं आणि पैसेही गेले. भांडं ॲल्युमिनिअमचं, तांब्या-पितळेचं कधीच नको. आंबट आणि मीठ मिळून धातू खातात, रस काळवंडतो. स्टील, चिनी माती, काच किंवा खाण्याच्या मालासाठीचं जाड प्लास्टिक चालतं.

हिशेब मांडू. आकडे मी धरलेले आहेत, प्रत्येकीनं आपल्या गावचे घालावेत. दोनशे किलो रातांबे तीस रुपयांनी विकत घेतले तर सहा हजार. मीठ, पिशव्या, लेबलं मिळून सातशे. पाच किलोला एक किलो पडलं तर चाळीस किलो आमसूल. फोडायला बावीस तास, पुटं आणि उन्हातली उलथापालथ वीस तास, निवडून भरायला आठ, एकूण पन्नास. आता विक्री. गावात गाडी घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला मेअखेरीस 180 रुपयांनी दिलं तर 7,200 आले, पदरात पाचशे. तासाला दहा रुपये, म्हणजे डब्यापेक्षाही वाईट. तेच आमसूल गणपतीपर्यंत घरात ठेवलं आणि चाकरमान्यांना, मुंबईतल्या नातेवाइकांच्या सोसायटीत 250 नं दिलं तर दहा हजार, पदरात 3,300, तासाला सहासष्ट. फळ स्वतःच्या झाडांचं असेल तर त्यात सहा हजारांची भर, जरी त्यातून काढणीची मजुरी वजा करावी लागते.

तेव्हा या धंद्यातली कमाई हाताच्या कौशल्यातून येत नाही. माल तीन महिने थांबवता येतो आणि मेमध्ये पैशाची नड नसते, यातून ती येते. जहाजावरून पगार चालू असलेल्या घराला थांबणं परवडतं. रोजंदारीवर जगणाऱ्या शेजारणीला ते परवडत नाही, तिला व्यापाऱ्यालाच द्यावं लागतं. नवऱ्याचा पगार तिच्या धंद्याला मदत करतो ती अशी, भांडवल म्हणून नव्हे, घाई करावी लागू नये म्हणून. हे उमगलेली बाई शेजारणीचं आमसूलही व्यापाऱ्यापेक्षा वीस रुपये जास्त देऊन घेऊ शकते. त्यात दोघींचंही भलं आहे, आणि पन्नास तासांतले बेचाळीस तिचे वाचतात.

मोठी खोड पावसाची. 2025 साली मे महिन्याच्या विशीनंतर कोकणात जो पाऊस लागला तो थांबलाच नाही, आणि मोसमी पाऊस 26 मे रोजी मुंबईतही पोचला. उन्हात घातलेली सालं ज्यांनी आत घेतली नाहीत त्यांची नासली. यावर उपाय एकच: सगळा माल आमसुलाला लावायचा नाही. ढग दिसू लागले की उरलेल्या सालींचं आगळ करायचं. त्याला ऊन लागत नाही. सालं आणि गर यांच्या वजनाच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकं जाडं मीठ थराथरानं घालून बरणीत ठेवायचं, आठवडाभर रोज एकदा ढवळायचं आणि गाळून बाटल्या भरायच्या. वर्षभर टिकतं. मीठ कमी पडलं तर वर पांढरा पापुद्रा येतो. तो दिसला की काढून टाकून चालवून घेणं हा लोभ आहे. ती बरणी विकायची नाही.

बियांचं मोल तर बहुतेक घरांत ओळखलेलंच नाही. त्या धुऊन वाळवून पोत्यात ठेवल्या की पावसाळ्यात, बाहेरची कामं थंडावल्यावर, कवच फोडून गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगलेलं तेल काढून घ्यायचं आणि थिजत आलं की मुठीत दाबून मुठेलाचे गोळे करायचे. भेगांसाठी, ओठांसाठी ते विकत घेणारे शहरात आहेत. ही सगळी कामं वीस-वीस मिनिटांची. खाण्याचा माल विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र आधी करून घ्यावी आणि बाटलीवर तिचा नंबर घालावा. सोसायटीतल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न तोच असतो.

यावर कुणी म्हणेल, ज्या बाईला झाडं नाहीत, जी पनवेलला किंवा नालासोपाऱ्याला दोन खोल्यांत राहते, तिनं काय करायचं? कसोट्या त्याच. साडीला फॉल लावणं थांबतं. हातातली शिवण सोडून उठलं तरी साडी बिघडत नाही, फक्त लग्नसराईत तारखा घेताना हात आखडता ठेवावा. ब्लाउज शिवणं त्याहून अवघड, कारण माप चुकलं की पुन्हा उसवणं आणि गिऱ्हाइकाची तारीख पक्की. संध्याकाळी दीड तास चौथी-पाचवीच्या मुलांची शिकवणी थांबत नाही, पण तिची वेळ आधी ठरवता येते, तिच्यात स्वतःचं मूलही बसतं आणि नवऱ्याच्या रजेतही ती दीड तासच मागते. घरगुती केक मात्र मी सुचवणार नाही. त्याचं गिऱ्हाईक ठीक संध्याकाळी सहाला दारात उभं असतं.

शेवटचा मुद्दा सहीचा. घरबसल्या उद्योगाच्या सल्ल्यात तो कधीच येत नाही आणि प्रत्यक्षात सगळं तिथेच अडतं. जमीन बहुधा सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. कृषी कर्ज, अनुदान, विमा, पंपाची जोडणी, बागेचा खंडाचा करार, प्रत्येक कागदावर सातबाऱ्यावरच्या माणसाची सही लागते, आणि तो माणूस त्या वेळी कुठल्यातरी समुद्रावर असतो. बाई बाग राखते, मोहोरावर फवारणी करून घेते, आणि खंड ठरवायला मात्र दीर येतो. अशी दोन-तीन घरं तरी मी अगदी जवळून पाहिली आहेत. दिराची नियत वाईट होती असं नाही. कागदावर तिला बोलण्याचा अधिकारच नव्हता.

म्हणून नवरा जहाजावर चढण्याआधीच्या रजेत पापडाचं यंत्र घेण्याऐवजी तीन कागद करावेत. एक, तालुक्याला दुय्यम निबंधकांकडे बायकोच्या नावानं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र, ज्यात शेती, बँक आणि वीज ही कामं स्पष्ट लिहिलेली असतील. मोघम लिहिलेलं पत्र बँक परत करते. दोन, जमीन नवऱ्याच्या स्वतःच्या नावावर असेल तर ‘लक्ष्मी मुक्ती’ योजनेखाली तलाठ्याकडे अर्ज करून तिचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर चढवणं. शेतकरी संघटनेनं नव्वदच्या दशकाच्या तोंडावर गावोगावी हे काम करून घेतलं होतं, आणि 1992 साली राज्य सरकारनं त्याचा निर्णय काढला. आजही कितीतरी घरांना तो माहीत नाही. तीन, घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं, फक्त तिच्या नावाचं खातं, ज्यात आमसुलाचे पैसे येतील आणि रातांब्याचे जातील. जमीन सासऱ्यांच्या नावावर असेल आणि तिथे काहीच होत नसेल तर बचत गट आहे. गटाचं कर्ज मिळतं ते तिच्या बचतीवर आणि परतफेडीवर, त्याला सातबारा लागत नाही. मे महिन्यात शेजारणींचं आमसूल रोखीनं उचलायला पंधरा-वीस हजार पुरतात, आणि गणपतीनंतर ते फेडता येतात.